सही महिन्याची, हिशेब चार वर्षांचा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घर, दुकान, कारखाना अशा सगळ्या ठिकाणी काम करता येईल असा इलेक्ट्रिशियनचा पूर्ण परवाना हवा असेल, तर ८,००० तास काम केल्याची नोंद लागते. जुलै २०२३ पासून त्यासाठी नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीही पूर्ण करावी लागते. आठवड्याला ४० तास धरले तर ८,००० तास साधारण चार वर्षांत भरतात. पण कायद्याची खरी मेख पुढच्या अटीत आहे. या ८,००० पैकी किमान ४,००० तास व्यापारी किंवा औद्योगिक जोडणीच्या कामावर गेलेले असावे लागतात. कारण साधे आहे. तिथली घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात, त्यातून केबल ओढायची आणि क्लिपांनी बसवायची, दाब १२० किंवा २४० व्होल्ट. मोठ्या इमारतीत आणि कारखान्यात लोखंडी पाइप मोजून वाकवावा लागतो, थ्री-फेज पॅनल असतात, मोटारींचे स्टार्टर असतात, दाब ४८० व्होल्टपर्यंत जातो. चार वर्षे फक्त घरे केलेल्या माणसाच्या हाती पूर्ण परवाना दिला, तर उद्या तो कायदेशीरपणे ४८० व्होल्टचे पॅनल उघडायला मोकळा झाला. म्हणून तास किती भरले यापेक्षा ते कोणत्या कामाचे आहेत, हा प्रश्न मोठा ठरतो.

शिकाऊ उमेदवारीच्या अशा कार्यक्रमांत उमेदवार रोजच्या कामाचे तास प्रकारवार लिहितो आणि महिना संपला की देखरेख करणारा फोरमन त्या कागदावर सही करतो. ही सही बहुतेक जण पुरावा म्हणून पाहतात: एवढे तास खरोखर झाले, याची साक्ष. साक्षीसाठी दरमहा सहीची गरज नाही, वर्षाअखेरीस एक दाखला दिला तरी भागेल, असा विचार मग ओघाने येतो. माझे म्हणणे असे की साक्ष हा मासिक सहीचा दुय्यम उपयोग आहे. तिचा पहिला उपयोग गाडी रुळावर आहे की नाही हे वेळेत कळणे हा आहे, आणि त्या कामासाठी वर्षाचा दाखला निरुपयोगी आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक उमेदवार महिन्याला १६० तास काम करतो. त्याची कंपनी मुख्यतः घरांची कामे घेते, त्यामुळे त्याचे ११० तास घरांवर आणि ५० तास दुकाने किंवा कार्यालयांवर जातात. पन्नास महिन्यांत त्याचे ८,००० तास पुरे होतात. तेव्हा कळते की व्यापारी कामाचे तास फक्त २,५०० आहेत, १,५०० कमी. त्या दिवसापासून त्याला शंभर टक्के व्यापारी काम मिळाले तरी सव्वानऊ महिन्यांहून जास्त काळ लागेल. जुन्याच गतीने, महिन्याला ५० तासांनी गेला, तर अडीच वर्षे. आता तोच कागद सहाव्या महिन्याला नीट वाचला असता तर? एकूण ९६० तासांत व्यापारी ३००, म्हणजे एकतीस टक्के, आणि हवेत पन्नास. उरलेल्या ४४ महिन्यांत ३,७०० तास भरायचे तर महिन्याला ८४ तास पडतात. म्हणजे महिन्यातले ३४ तास, साधारण चार दिवस, घरांवरून उचलून दुसऱ्या साइटवर टाकायचे. सहाव्या महिन्यात ज्या चुकीची किंमत महिन्याला चार दिवसांची अदलाबदल होती, तिची किंमत शेवटी नऊ महिने झाली. मधल्या काळात कोणी खोटे बोलले नाही, कोणी तास चोरले नाहीत. फक्त बेरजेकडे पाहिले आणि वाटणीकडे पाहिले नाही.

उशिरा केलेल्या नोंदीचा दोष विस्मरणापुरता नाही. बांधकामावर माणसे सतत हलतात. मार्चमध्ये ज्या फोरमनखाली काम केले तो जूनमध्ये दुसऱ्या गावी असतो, कधी कंपनीच बंद पडते. मग डिसेंबरात सही करायला बसतो तो ज्याने काम पाहिलेच नाही असा कार्यालयातला माणूस. वॉशिंग्टनचा कायदा म्हणतो की परवाना नसलेल्या उमेदवाराच्या दिवसाच्या किमान ७५ टक्के वेळ परवानाधारक इलेक्ट्रिशियन त्याच साइटवर हजर हवा. या अटीचा अर्थ तेव्हाच राहतो, जेव्हा हजर असलेला आणि सही करणारा माणूस एकच असतो. अशा मागाहून भरलेल्या नोंदी ओळखताही येतात. खऱ्या कामाचे महिने एकसारखे नसतात. एका महिन्यात बर्फामुळे साइट बंद, एकात जादा काम, एकात वर्गातले दिवस. ज्या वहीत ओळीने बारा महिने नेमके १६० तास आहेत आणि पाइप, पॅनल, फिटिंग यांचे प्रमाणही तसूभर बदलत नाही, ती वही एका बैठकीत भरलेली असण्याची शक्यता मोठी. दुसरी कसोटी पगारपत्रकाची: ज्या तासांचा पगार निघालेला नाही ते तास वहीत कुठून आले? तिसरी साइटची: त्या महिन्यात कंपनीकडे पाइपचे कामच नव्हते, तर पाइप वाकवण्याचे ४० तास कुठे गेले? दरमहा तपासताना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माणसे जागेवर देऊ शकतात. चार वर्षांनी फक्त संशय उरतो.

यावर पहिला आक्षेप मुळावरच घाव घालणारा आहे: तास मोजायचेच कशाला? एक जण दोन महिन्यांत पाइप सफाईने वाकवतो, दुसऱ्याला वर्ष लागते. मग कौशल्य तपासा, घड्याळ नको. या आक्षेपात तथ्य आहे, आणि अमेरिकेच्या संघीय नियमांनी ते मान्यही केले आहे. तिथे शिकाऊ उमेदवारीचे तीन मार्ग चालतात: किमान २,००० तासांचा तासांवर आधारलेला, कौशल्याच्या कसोटीवर आधारलेला आणि दोन्हींचा मिलाफ. पण विजेच्या कामात तास टाकून देणे मला पटत नाही. इथली जी चूक जीव घेते, ती रोजच्या कामात दिसत नाही. न्यूट्रल सैल झालेला असतो, किंवा बंद समजलेल्या सर्किटमध्ये दुसऱ्या पॅनलमधून प्रवाह परत येत असतो. अशी प्रकरणे परीक्षेच्या दिवशी मागवता येत नाहीत, ती लांब काळ साइटवर असणाऱ्याच्याच वाट्याला येतात. तास हे कौशल्याचे माप नव्हे, अशा प्रसंगांना सामोरे जाण्याच्या संधीचे माप आहे. शिवाय घाई मालकालाही असते. फक्त कसोटी ठेवली, तर ती सोपी करून उमेदवाराला लवकर एकटे पाठवण्याचा मोह होतोच. तेव्हा मासिक कागदावर तासांशेजारी एक रकाना असावा: हे काम सांगितल्यावर करतो, देखरेखीखाली करतो, की स्वतः करतो. तास आणि कौशल्य यांचे भांडण तिथेच बरेचसे मिटते.

दुसरा आक्षेप फोरमनचा, आणि तो व्यावहारिक आहे. त्याच्यामागे काम संपवण्याची तारीख लागलेली असते, त्यात ही कारकुनी. पण कारकुनी फोरमनने करायचीच नाही. उमेदवाराने रोज दोन ओळी लिहाव्यात: कुठे, कोणते काम, किती तास. महिनाअखेरची बेरीजही त्यानेच करावी. फोरमनचे काम बेरीज वाचून चूक दिसली तर काट मारणे एवढेच. याला एका उमेदवारामागे पंधरा मिनिटेही लागू नयेत. जास्त लागत असतील, तर त्याने महिनाभर त्या उमेदवाराकडे पाहिलेले नाही, असाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सही दरमहा लागते म्हणजे ती दरमहा अडवताही येते. अनेक कार्यक्रमांत पगाराचे टप्पे तासांना बांधलेले असतात, ठरावीक तास भरले की दर वाढतो. सही लांबवण्यात मालकाचा फायदा होऊ शकतो. आणखी एक सूक्ष्म फायदा असतो: केबल ओढण्यात तरबेज झालेला स्वस्त हात केबल ओढायलाच ठेवण्याचा. या भीतीचे उत्तर सही रद्द करणे हे नाही, नकारालाही कागदावर आणणे हे आहे. फोरमनला तास मान्य नसतील तर कोणते, किती आणि का, हे त्याच महिन्यात तारखेसह लिहावे, आणि वाद मालक व कामगार या दोघांचे प्रतिनिधी असलेल्या संयुक्त समितीपुढे जावा. अमेरिकेतल्या बांधकाम क्षेत्रात अशा समित्या जुन्या आहेत. एका महिन्याच्या सोळा तासांचा वाद अशी समिती सोडवू शकते, चार वर्षांच्या दीड हजार तासांचा नाही. मासिक सहीमुळे अडवणूक शक्य होते हे खरे, पण तिच्यामुळेच ती छोटी असताना उघडी पडते.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. त्याचे कलम १९ प्रत्येक मालकाला उमेदवाराच्या प्रशिक्षणातील प्रगतीची नोंद ठेवायला सांगते, आणि कलम १८ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे असे स्पष्ट म्हणते. म्हणजे त्याला मिळणाऱ्या विद्यावेतनाइतकेच त्याला मिळणारे शिक्षणही त्या कराराचा मोबदला आहे. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, सरकार देते. म्हणजे उमेदवाराच्या महिन्याचा हिशेब आपण पैशासाठी ठेवतोच. मात्र तो आला का, हे हजेरी सांगते. त्या महिन्यात त्याने पॅनल उघडले की फक्त सामान उचलले, हे ती सांगत नाही. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनची उमेदवारी करणाऱ्या मुलाला परीक्षेच्या आधी कळते की मोटार वाइंडिंगला त्याने हात लावलेला नाही, तेव्हा त्याची गत त्या ५,५०० तास घरे करणाऱ्या उमेदवारासारखीच असते. फरक इतकाच की त्याच्याकडे ते दाखवणारा कागदही नसतो.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. हजेरीच्या जोडीला पाच-सहा कामांच्या प्रकारांचा एक तक्ता पुरे. फक्त त्यात ‘झालेले तास’ या रकान्याशेजारी ‘उरलेले तास’ हा रकाना असावा, आणि फोरमनने सही त्याच्याखाली करावी. झालेल्या तासांखाली सही करणारा माणूस मागच्या महिन्याची ग्वाही देतो. उरलेल्या तासांखाली सही केली की पुढच्या महिन्यात या मुलाला कोणत्या साइटवर पाठवायचे, हे त्याला ठरवावेच लागते.