नाव दिसावं, चेहराही दिसावा

या वेळी व्हिडिओतल्या नावाच्या पट्टीबद्दल. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार घ्या. बोलणाऱ्याच्या मागे रंगीबेरंगी मुखपृष्ठांची रास असते. तिच्यावर नुसती पांढरी अक्षरं टाकली, की अर्धं नाव फिकट मुखपृष्ठात विरून जातं.

अक्षरांना जाड काळी कड देणं मराठीत फारसं जमत नाही. 'ध', 'क्ष' यांतली पोकळी बुजते आणि काही अ‍ॅपमध्ये शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली दिसते. त्यापेक्षा मागे ६०-७० टक्के गडद काळी पट्टी द्या. वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला पट्टीत जागा ठेवा. चित्राची उंची १०८० पिक्सेल असेल, तर अक्षरं ५०च्या आसपास आणि पट्टी तळापासून १०० पिक्सेल वर बरी.

पुस्तक उचलायला माणूस वाकला, की चेहरा नेमका पट्टीखाली जातो. म्हणून एकच फ्रेम पाहून थांबू नका. पट्टी दिसते ते चार-पाच सेकंद पूर्ण चालवून बघा. चेहरा झाकला जात असेल, तर पट्टी दुसऱ्या कोपऱ्यात न्या किंवा तो वाकण्याआधीच काढा. शेवटी फोन हातभर लांब धरा. नाव एका नजरेत वाचता आलं, की काम झालं.