सळईतली उष्णता जाणार कुठे?

टोके शून्य अंशावर धरून ठेवलेल्या सळईचे उदाहरण आपण वर्गात इतक्या वेळा सोडवतो की त्याची पद्धत हाताला लागून जाते. आधी स्थिर अवस्था काढायची, ती वजा करायची आणि उरलेल्या भागाची श्रेणी मांडायची. हीच सवय घेऊन विद्यार्थी टोके उष्णतारोधक असलेल्या सळईकडे वळतो, आणि तिथे पहिल्याच पायरीला घसरतो. उत्तर मात्र इतके नीटनेटके येते की तपासणाऱ्याचीही नजर चुकावी.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. सळईची लांबी π, सर्व भौतिक स्थिरांक 1, सुरुवातीचे तापमान सर्वत्र शून्य आणि आत सतत चालू असलेला स्रोत sin x. म्हणजे

u_t = u_xx + sin x, u_x(0,t) = u_x(π,t) = 0.

स्थिर अवस्थेसाठी w'' = −sin x सोडवले की w = sin x चटकन सुचते. ते वजा केल्यावर उरलेल्या v चे समीकरण स्रोतमुक्त होते. विद्यार्थी खूश होऊन v साठी कोसाइन श्रेणी लिहितो आणि मोकळा होतो. पण sin x चा उतार x = 0 ला 1 आहे आणि x = π ला −1. कोसाइन श्रेणीचा उतार टोकांना शून्य, त्यामुळे बेरजेत हा उतार तसाच राहतो. त्याच्या उत्तरात प्रत्येक टोकातून एकक दराने उष्णता बाहेर पडते, म्हणजे एकूण 2. आता sin x चे 0 ते π संकलन करून पाहा: तेही नेमके 2. स्रोत जेवढे देतो तेवढे सगळे ‘उष्णतारोधक’ टोकांतून गळून जाते, आणि म्हणूनच त्याची सळई निवांत स्थिर होते.

वास्तविक ही सळई स्थिर होऊच शकत नाही. मूळ समीकरण पूर्ण लांबीवर संकलित केले तर u_xx चे योगदान टोकांमुळे शून्य होते आणि उरते एवढेच: एकूण उष्णता दर एकक काळात 2 ने वाढते, म्हणजे सरासरी तापमान 2/π ने. स्थिर अवस्था हवी असेल तर स्रोताचे एकूण संकलन शून्य असले पाहिजे, एकीकडे तापवणे तर दुसरीकडे तेवढेच थंड करणे. ही अट एका ओळीची आहे. ती w शोधण्याआधी लिहायला लावावी, एवढाच आमचा आग्रह.

मग वजाबाकी सोडून द्यायची का? नाही. वजा करायचा भाग बदलायचा: (2/π)t + w(x). आता w'' = 2/π − sin x, आणि w' = 2x/π + cos x − 1 दोन्ही टोकांना आपोआप शून्य होते. दुसऱ्या टोकाची अट फुकटात पाळली जाते, कारण स्रोतातून त्याची सरासरी आधीच काढून घेतली आहे. पुन्हा संकलन करून

w = x²/π + sin x − x + D.

हा D टोकांच्या अटींतून ठरत नाही. w ची सरासरी शून्य धरली तर D = π/6 − 2/π, सुमारे −0.113. सुरुवातीला सळईत उष्णता असती, तर तिची सरासरी उत्तरात वेगळी मिळवावी लागली असती. मध्यभागी w सुमारे 0.102 येते, म्हणजे मध्य आणि टोक यांतला फरक 1 − π/4, सुमारे 0.215. सगळी सळई तापत राहते, पण हा फरक तेवढाच राहतो.

उरलेला भाग cos nx मध्ये मांडायचा. प्रत्येक पद e^(−n²t) ने विरते. इथे sin x मध्याभोवती सममित असल्याने विषम n ची पदे येत नाहीत. सर्वांत हळू विरणारे पद n = 2 चे, (4/3π)/4 म्हणजे सुमारे 0.106 इतक्या गुणकाचे; t = 1 ला ते 0.002 च्याही खाली जाते.

थेट आयगेनफंक्शन विस्ताराने गेलात तरी हीच गोष्ट समोर येते. गुणक (q_n/n²)(1 − e^(−n²t)) असे येतात, आणि n = 0 ला हे सूत्र 0/0 होते. पुष्कळ जण तिथे n = 1 पासून बेरीज सुरू करून सुटका करून घेतात. त्या पदाचे समीकरण वेगळे सोडवा: c₀' = q₀, म्हणून c₀ = q₀t. तापमानाची सगळी वाढ याच एका पदात आहे.

संगणकावर स्थिर अवस्था मागणाऱ्यांनाही हे भेटते. परिमित फरकांचा मॅट्रिक्स इथे सिंग्युलर असतो, कारण सर्व घटक 1 असलेला सदिश त्याच्या शून्य अवकाशात बसतो. सॉफ्टवेअरने इशारा दिला तर ठीक. पण पूर्णांकनाच्या चुकीमुळे कधी कधी तो इशारा येत नाही आणि उत्तरात 10¹⁵ च्या घरातले आकडे दिसतात. तेव्हा जाळी बारीक करत बसू नये, आधी स्रोताची बेरीज करून पाहावी.