टीव्हीचे बिल आणि तीन दारे

टीव्ही बिघडला की आपण पहिला फोन कंपनीला करतो. पण नुकसान कशाने झाले, त्यावर कोणाचे दार ठोठवायचे ते ठरते. वाहतुकीत फुटला तर विक्रेता, पडदा म्हणजे पॅनल आपोआप बिघडले तर कंपनी, आणि विजेच्या झटक्याने जळला तर बहुधा विमा किंवा पैसे भरून घेतलेली संरक्षण योजना. तिन्ही दारांवर पहिला सवाल मात्र एकच असतो : बिल आहे का?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचे उदाहरण घेऊ. कुवेतला नोकरीस असलेल्या भाच्याने त्यांच्यासाठी 43 इंची टीव्ही ऑनलाइन मागवला. खालांच्या फोनवर आला तो फक्त ऑर्डरचा मेसेज. मेसेज म्हणजे बिल नव्हे. बिलावर विक्रेत्याचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि मॉडेल असते. ते भाच्याच्या खात्यातून उतरवून घ्यावे लागले.

खोके आले तेव्हा त्याचा एक कोपरा दबलेला होता. खालांच्या मुलीने खोके उघडण्याआधीच मोबाइलवर चित्रण सुरू केले आणि टीव्ही लावून पडदा उजळेपर्यंत ते थांबवले नाही. पडदा फुटला आहे की नाही, हे टीव्ही बंद असताना नेहमी कळत नाही. वरची बाजू हाताला गुळगुळीत लागते, पण आतली काच तडकलेली असते. टीव्ही सुरू केला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो. तसे दिसले तर त्याच दिवशी विक्रेत्याकडे तक्रार नोंदवावी, खोके व थर्माकोल फेकू नये. परत करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती टळली की तोच तडा ‘ग्राहकाच्या हातून फुटला’ असा गणला जातो, आणि फुटलेले पॅनल वॉरंटीत बसत नाही. खालांचा टीव्ही सुखरूप निघाला.

भिंतीवर लावण्यापूर्वी मुलीने पाठीमागच्या स्टिकरचा फोटो काढला. सिरियल नंबर तिथेच असतो, आणि टीव्ही एकदा भिंतीला टेकला की तो वाचता येत नाही. खोक्यावरचा नंबरही तोच आहे ना, हे तिने पाहिले. मग कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल, सिरियल नंबर आणि खरेदीची तारीख भरून नोंदणी केली. मोबाइल नंबर खालांचा दिला, भाच्याचा नाही. कारण कारागिराचा फोन आणि ओटीपी त्यावरच येणार.

नोंदणी राहिली म्हणून वॉरंटी सहसा बुडत नाही. ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. पण बिलच नसेल तर अनेक कंपन्या टीव्ही तयार झाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे गोदामात पडून राहिलेले महिने आपल्याच वाट्याला कापले जातात. दहाव्या महिन्यात खालांच्या टीव्हीवर उभी रेघ आली. कुठे तडा नव्हता, मार बसल्याची खूण नव्हती. कारागिराने बिल आणि नंबर ताडून पाहिले आणि पॅनल फुकट बदलून मिळाले. पॅनलची किंमत कित्येकदा टीव्हीच्या निम्म्याहून अधिक असते, हे ध्यानात घ्या.

तिसरे दार विजेचे. पावसाळ्यात न्यूट्रलची तार तुटली तर घरात 230 व्होल्टऐवजी 400 च्या जवळपास दाब येऊ शकतो. टीव्हीचा लाल दिवाही लागत नाही, आणि त्याच वेळी घरातले बल्ब, पंखे, शेजाऱ्यांची उपकरणेही गेलेली असतात. असे जळणे कंपन्यांच्या साध्या वॉरंटीत सहसा धरलेले नसते. म्हणून टीव्ही घेतानाच वाढीव योजनेच्या कागदावर विजेच्या दाबाने झालेले नुकसान लिहिले आहे का ते वाचा. नुसती ‘वाढीव वॉरंटी’ बहुधा आतल्या दोषापुरतीच असते. झटका बसला तर त्याच दिवशी 1912 वर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. कारागिराकडून बिघाडाचे कारण लेखी घ्या, आणि दावा मंजूर होईपर्यंत जळालेला भाग भंगारात देऊ नका.

दुकानातून मिळणारी बरीच बिले उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. कपाटात ठेवूनही काही काळाने अक्षरे उडतात. बिल हाती पडताच फोटो काढा. बिल, स्टिकर आणि योजनेचा कागद असे तिन्ही फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर असू द्या. सारे कागद असूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथेही हेच तीन फोटो कामी येतात.