गटात न बसणारी संख्या : आधी तिघांचे नाते पाहा



अंबरनाथहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. सराव पुस्तिकेत बुद्धिमत्ता चाचणीचा एक प्रश्न होता : गटात न बसणारी संख्या ओळखा. पर्याय होते ७३, ९१, २८ आणि ४७. मुलीने ४७ वर खूण केली. अम्मीने ती खोडायला लावली आणि २८ घ्यायला सांगितले, कारण चौघांत २८ ही एकटीच सम संख्या आहे. रविवारी बदलापूरहून मामू आले. त्यांनीही २८ च सांगितले आणि बाकीच्या तिन्ही मूळ संख्या आहेत, असे कारण दिले. मग शेवटची उत्तरसूची उघडली. तिथे ४७ होते आणि कारण काहीच दिलेले नव्हते. तेव्हापासून मुलगी म्हणते, "अम्मी, तुम्ही मला गणित शिकवू नका." चूक नेमकी कुठे झाली, असे भगिनींनी विचारले आहे.

मुलीचे उत्तर बरोबर आहे. ७३ चे अंक मिळवा : ७ आणि ३ मिळून १०. ९१ चे ९ आणि १ मिळून १०. २८ चे २ आणि ८ मिळून १०. ४७ चे मात्र ४ आणि ७ मिळून ११ होतात. म्हणून ४७ बाहेर.

आता मामूंचे कारण पाहू. ७३ आणि ४७ मूळ संख्या आहेत, पण ९१ नाही. ७ गुणिले १३ म्हणजे ९१. शंभराच्या आतली संख्या मूळ आहे का हे पाहायला तिला २, ३, ५ आणि ७ या चारच संख्यांनी भागून पाहावे लागते, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि ११ चा वर्गच १२१ होतो. २ आणि ५ शेवटच्या अंकावरून कळतात. ३ साठी अंकांची बेरीज करावी. ५१, ५७, ८७ या मूळ वाटणाऱ्या संख्या तिथेच पकडल्या जातात, कारण त्यांच्या बेरजा ६, १२ आणि १५ येतात. या तीन चाळण्यांतून निसटणाऱ्या, पण मूळ नसलेल्या संख्या शंभराच्या आत तीनच उरतात : ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन पाढ्यांच्या ओळखीच्या असतात. सातचा पाढा सत्तरला थांबतो, म्हणून ९१ मोठ्यांनाही फसवते. प्रश्न काढणारे ती मुद्दाम घालतात.

अम्मीचे कारण मात्र खोटे नाही. २८ खरोखरच एकटी सम आहे. मग ते उत्तर का नाही? कारण असे की, एकटी कोण हे आधी शोधायचे नसते. उरलेल्या तिघांना कोणती गोष्ट बांधते ते आधी शोधायचे असते, आणि ती गोष्ट जितकी दुर्मीळ तितकी पक्की धरायची. १ ते १०० मध्ये विषम संख्या ५० आहेत. त्यामुळे चारपैकी तीन संख्या विषम निघणे सहज घडते. मूळ संख्या २५ आहेत, वर्गसंख्या १० आणि घनसंख्या फक्त ४ : १, ८, २७ आणि ६४. अंकांची बेरीज १० येणाऱ्या संख्या ९ च आहेत. तीन संख्यांची बेरीज नेमकी १० यावी हे आपोआप झालेले नसते, ते प्रश्न काढणाऱ्याने जुळवलेले असते. विषम असण्याचा धागा सैल आहे आणि बेरजेचा घट्ट. म्हणून सम-विषम सर्वांत शेवटी पाहावे. घन, वर्ग, मूळ आणि बेरीज हे सगळे फसले तरच.

तीन अंकी संख्या आल्या की वर्ग ओळखणे जड जाते. तिथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. ज्यांना आपण हकीम म्हणून ओळखतो त्या इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी वर्ग आणि घन तपासण्यासाठी नऊ टाकून उरणाऱ्या बाकीचे नियम सांगितले आहेत. आपण ते असे वापरू. संख्येचे अंक मिळवत जा, एकच अंक उरेपर्यंत. वर्गसंख्येत शेवटी १, ४, ७ किंवा ९ च उरतो. घनसंख्येत १, ८ किंवा ९ च उरतो.

उदाहरणार्थ १९६, २८९, ३६१ आणि ४२५ घ्या. घाई करणारे मूल १९६ म्हणेल, कारण ती एकटी सम आहे. बेरजा करून पाहा. १९६ चे १६, म्हणजे ७. २८९ चे १९, मग १०, म्हणजे १. ३६१ चे १०, म्हणजे १. ४२५ चे ११, म्हणजे २. शेवटी २ उरणारी संख्या वर्ग असूच शकत नाही, म्हणून ४२५ बाहेर. बाकीच्या १४, १७ आणि १९ च्या वर्ग आहेत.

पण ही कसोटी फक्त नाही म्हणू शकते, हो म्हणू शकत नाही. १०६ ची बेरीज ७ येते, तरी ती वर्ग नाही. १० चा वर्ग १०० आणि ११ चा १२१, मध्ये काहीच नाही. म्हणून कसोटीत उतरलेली संख्या पाढ्याने पडताळावीच लागते.

एखादा प्रश्नच सदोष असतो, हेही मुलांना सांगावे. ८, २७, ६४, १६ पाहा. ८, २७ आणि ६४ घन आहेत, म्हणून १६ बाहेर. पण ८, १६ आणि ६४ या २ ला २ ने गुणत गेल्यावर मिळतात, म्हणून २७ बाहेर असेही म्हणता येते. अशा संख्या शंभरच्या आत २, ४, ८, १६, ३२, ६४ या सहाच आहेत. दोन्ही धागे जवळजवळ सारखेच घट्ट आहेत. इथे मुलाचे उत्तर उत्तरसूचीशी जुळले नाही तर त्याला रागावू नये. त्याचे कारण विचारावे.

उल्हासनगरच्या घरांत लहानांसाठी सराव दारातच आहे. कॅम्प २, ३, ५ आणि ४ यांत वेगळा कोण? ४, कारण बाकी तिन्ही मूळ. आता ४ च्या जागी कॅम्प १ ठेवा. तरीही १ च बाहेर, कारण १ ला एकच विभाजक आहे आणि ती मूळ संख्या धरत नाहीत. इथे पुष्कळ मुले अडतात.

अंबरनाथच्या भगिनींना आमचे सांगणे इतकेच की, आज मगरिबनंतर लेकीला जवळ बसवा आणि ४७ चे कारण तिच्याच तोंडून ऐका. तिला कारण सांगता आले तर "बेटा, मी खोडले ते चुकले" असे म्हणा. सांगता आले नाही तर ते अंदाजाने आलेले होते. मग दोघी मिळून बेरजा करा. आणि मामू पुढच्या वेळी आले की त्यांना १९, ३७, ७३, ८३ द्या. इथे चारही मूळ आहेत, म्हणून मूळपणाने कोणी वेगळे पडत नाही. उत्तर ८३, आणि कारण आता तुमच्या लेकीला ठाऊक आहे.