गॅस संपत नाही, गळतो

या आठवड्यात एका वाक्याने माझं डोकं फिरवलं. शेजारच्या वहिनींच्या बारा वर्षांच्या फ्रिजसमोर बसून तिरोड्याहून आलेला मिस्त्री म्हणाला, "गॅस संपला. अडीच हजारांत भरून देतो."

फ्रिजमधला गॅस संपत नसतो. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर तो पुन्हा जाणारच.

"भाऊजी, दुरुस्त करू की नवा घेऊ?" वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, आधी गळतंय कुठे ते कळू द्या, निर्णय त्यावर आहे. मागे कंप्रेसरजवळच्या तांब्याच्या जोडावर गळती असेल तर दुरुस्ती टिकते. फ्रीजरचा पत्रा सुरीने बर्फ खरवडताना फुटला असेल तर लांबी लावून भरवसा नाही, तो पत्राच बदलावा लागतो. नळी भिंतीच्या फोममध्ये गळत असेल, तर जुन्या फ्रिजवर पैसे घालू नयेत.

मिस्त्रीने नायट्रोजन भरला, साबणाचा फेस लावला. बुडबुडे फिल्टरच्या जोडावर आले. मग जोड झाळला, फिल्टर नवा घातला, व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला आणि प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच आर१३४ए भरला. पंप न लावणाऱ्याला काम देऊ नये. नळीत राहिलेला ओलावा गोठून गॅसची वाट अडवतो. प्लेटवर आर६००ए असेल तर जास्त जपावं, तो पेट घेतो.

कंप्रेसर गेला, असं सांगितलं तर मात्र थांबा. आपल्याकडे उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. कंप्रेसर घुं करतो, सुरू होत नाही, ओव्हरलोड टिक करून त्याला बंद पाडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अशा वेळी दोष व्होल्टेजचा किंवा रिलेचा असू शकतो, आणि रिले काहीशे रुपयांत येतो. आधी व्होल्टेज मोजायला लावा, मग रिले तपासायला. त्यानंतर कंप्रेसरच्या तीन पिनांवर मीटर लावायला सांगा. वाइंडिंग तुटलेलं किंवा बॉडीला लागलेलं दिसलं, तरच कंप्रेसर गेला म्हणायचं. गावात इतके फ्रिज आहेत, पण स्टॅबिलायझर फार थोड्या घरांत दिसतो, याचं मला वाईट वाटतं. कंप्रेसर जळतो तो बऱ्याचदा त्याच्याच अभावी.

वाइंडिंग खरंच जळलं असेल आणि खर्च नव्या फ्रिजच्या निम्म्यावर जात असेल, तर बारा वर्षांच्या फ्रिजला मी नवा कंप्रेसर बसवणार नाही. वॉरंटी दहा वर्षांची असली तरी ती सहसा नुसत्या कंप्रेसरची असते; गॅस आणि मजुरी आपल्याच खिशातून जाते.

मिस्त्रीला पैसे देण्याआधी गळतीची जागा डोळ्यांनी बघा, आणि ती बिलावर लिहून घ्या.