ठरलेली रक्कम नको, ठरलेला वाटा हवा

माझ्या मावशीचा न्यू जर्सीत केटरिंगचा व्यवसाय आहे. दिवाळीत तिला उसंत नसते आणि जानेवारीत फोनच वाजत नाही. नोकरी करणारे लोक तिला सांगतात, "दर महिन्याला ५०० डॉलर बाजूला टाक." मला हे पटत नाही. जानेवारीत ५०० डॉलर आणायचे कुठून? एकदा खंड पडला, की बचत थांबतेच.

माझ्या मते रक्कम नाही, वाटा ठरवावा. खर्च वजा जाता जे उरतं, त्यातला चौथा हिस्सा मावशी टॅक्ससाठी ठेवते, कारण तिचा टॅक्स कापून घेणारा मालक नाही. आणखी १५ टक्के बचतीत जातात. ऑक्टोबरात ८,००० डॉलर उरले, तर १,२०० जातात. जानेवारीत १,००० उरले, तर फक्त १५०. पण सवय मोडत नाही.

आधी सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात साठवावा, मग निवृत्तीचं बघावं. 'सेप आयआरए' खात्यातले पैसे साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले, तर टॅक्स लागतो आणि वर सहसा १० टक्के दंड. फ्रीज बिघडला म्हणून तिथे हात घालणं महागात पडतं.

या खात्याची एक सोय मात्र छान आहे. गेल्या वर्षाचे पैसे टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरता येतात. म्हणून मावशी वर्षाचा हिशोब हातात आल्यावरच आकडा ठरवते. वर्ष वाईट गेलं, तर काहीच भरत नाही. तेही चालतं.