जमाव पांगल्यावर उगारलेली लाठी कोणाची?

जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक न्यायालयाच्या आदेशाने हटविण्यात आला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा तो पुन्हा पाडण्यात आला. मग पोलीस घराघरांत शिरले आणि त्यांनी माणसांना झोडपून काढले. दगडफेक झाली म्हणून बळ वापरावे लागले, हा त्यांचा बचाव! वादापुरता तो खरा मानू. तरीही आमचा प्रश्न उरतोच : चुलीपुढे बसलेली माणसे हा कोणता जमाव?

त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९ लागू होते. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४८ झाले आहे. त्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. आधी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख किंवा तो नसल्यास किमान फौजदाराच्या दर्जाचा अधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देतो. जमाव हुकूम मानीत नाही, किंवा न हटण्याचा निर्धार वर्तनाने दाखवितो, तेव्हाच बळ वापरता येते. आणि तेही पांगविण्यासाठी व जरूर तर अटकेसाठी. शिक्षा देण्यासाठी नव्हे! जमाव पांगला की त्या अधिकाराचे प्रयोजन संपले.

मात्र बळ किती, हे या कलमाने अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोडले आहे. जमाव पांगविण्यास लष्कर बोलाविले तर त्याने कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी, असे पुढचेच कलम बजावते. बंदूकधारी सैनिकाला घातलेले हे बंधन लाठीधारी शिपायाच्या कलमात शब्दाने नसावे, यास काय म्हणावे?

पुढे दाद मागावी, तर या कलमाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास राज्य सरकारचीच मंजुरी लागते. ज्याची लाठी, त्याचीच परवानगी! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला, तो याच कोंडीवरचा उपाय होता. अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांच्या तक्रारी राज्याकडे, उपअधीक्षक व खालच्यांच्या जिल्ह्याकडे. मृत्यू व गंभीर दुखापत ही प्रकरणे त्यांच्याच कक्षेतली.

परंतु तेथे संताप चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून आमचे सीमाबांधवांस सांगणे आहे : जखम त्याच दिवशी सरकारी डॉक्टरास दाखवा आणि ती पाठीवर की छातीवर, हे दाखल्यात लिहून घ्या. पाठीवरचा वळ पळणाऱ्याचा असतो. मार कोठे बसला, किती वाजता, हुकूम कोणी दिला व तो ऐकू आला काय, हे साक्षीदारांच्या सहीने नोंदवा. मार घरात बसला असेल, तर ते कृत्य 'पांगविणे' नव्हतेच, आणि कलमाची ढाल त्याला लागू नाही, हा युक्तिवाद त्या नोंदीवरच उभा राहील.

फलक उखडता येतो. तारीख, वेळ आणि सही असलेला कागद उखडणे तितके सोपे नाही!